तीन वर्षे वापरलेला आयफोन १३ विकायचा आहे. किंमत नेमकी कशी ठरवावी?

वैदेही_नाशिक

माझा १२८ जीबीचा आयफोन १३ मी ऑक्टोबर २०२२ मध्ये सणासुदीच्या सवलतीत ६२,००० रुपयांना घेतला होता आणि आता, ऑगस्ट २०२५ मध्ये, तो थेट एखाद्या ग्राहकाला विकण्याचा विचार आहे. बॅटरी हेल्थ ८१ टक्के दाखवते. समोरच्या काचेवर बारीक ओरखडे आहेत, पण पडदा सुरू असताना ते दिसत नाहीत. खालच्या एका कोपऱ्याला लहानसा पोचा आहे. फोन कधीही उघडलेला नाही. बिल, बॉक्स आणि मूळ केबल जवळ आहे. शिवाय नंतर घेतलेला २० वॉटचा चार्जर आणि दोन कव्हरे आहेत. जुने फोन विकत घेणाऱ्या एका ॲपने १९,८०० रुपये सांगितले, तर शेजारच्या इमारतीतील एका गृहस्थांनी तसाच फोन ३२,००० रुपयांना विकायला ठेवला आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये माझा आकडा कोणत्या हिशेबाने काढावा, हे कृपया सांगावे.

जुना_कारभारी

हिशेब सोपा आहे. खरेदीच्या किमतीतून दरवर्षी वीस टक्के घसारा वजा करत जावे. ६२,००० चे पहिल्या वर्षाअखेरीस ४९,६००, दुसऱ्या वर्षी ३९,६८० आणि तिसऱ्या वर्षी साधारण ३१,७०० रुपये होतात. त्यात चार्जर आणि कव्हरांचे दोन हजार धरावेत. बॅटरीचा प्रश्न तर बाजारातल्या कारागिराकडून नवी बॅटरी बसवून घेतली की सुटतो. आकडा १०० झाला की ग्राहक घासाघीस करत नाही. दुसरे म्हणजे सप्टेंबरमध्ये नवा आयफोन येतो, तेव्हा त्याआधी विकून मोकळे व्हावे.

मोबाईल_मिस्त्री

ठाण्यात जुन्या फोनांच्या खरेदी-विक्रीचे माझे दुकान आहे, त्यामुळे हे आकडे रोज डोळ्यांसमोर असतात. सप्टेंबरबाबत कारभारींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. नव्या मालिकेची घोषणा झाली की आदल्या मॉडेलांच्या किमती उतरतात, त्यांच्या मागोमाग सणाच्या सवलती येतात आणि जुन्या फोनांचा भाव या दोन्हींखाली दबतो. मात्र घसाऱ्याचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण तुम्ही किती रुपये मोजले होते याच्याशी ग्राहकाला कर्तव्य नसते. हाच फोन कुणी २०२१ मध्ये ७९,९०० रुपयांना घेतला असेल आणि तुम्ही ६२,००० ला घेतलात, तरी आज दोन्ही फोनांची अवस्था सारखी असेल तर भावही सारखाच राहणार. ग्राहक मागे पाहत नाही. तेवढ्याच पैशांत आज त्याला दुसरे काय मिळते, ते पाहतो.

म्हणून सुरुवात दोन टोकांपासून करावी. खालचे टोक म्हणजे ॲपचा भाव. तो काढताना ॲपच्या प्रश्नांना कठोरपणे उत्तरे द्या. पोचा, ओरखडे, बॅटरी, सर्व काही नोंदवा. अनेक जण ‘उत्तम स्थिती’ निवडतात आणि मग घरी आलेला माणूस फोन तपासून भाव खाली आणतो, तेव्हा आधीचा आकडा खालचे टोक म्हणून निरुपयोगी ठरतो. वरचे टोक म्हणजे शेजाऱ्यांचे ३२,००० नव्हे, कारण ती केवळ मागणी आहे, त्या भावात सौदा झालेला नाही. तपासून, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह विकणाऱ्या दुकानात हेच मॉडेल, हीच साठवण क्षमता आणि साधारण अशीच अवस्था कितीला आहे, ते पाहा.

पोचा नेमका कुठे आहे आणि मागची काच अखंड आहे का, हे कळवावे.

वैदेही_नाशिक

पोचा चार्जिंगच्या छिद्राजवळच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा आहे. मागची काच पूर्ण चांगली आहे. वॉरंटी देणाऱ्या दोन दुकानांत चौकशी केली, तेव्हा ‘चांगली स्थिती’ या वर्गातला १२८ जीबीचा फोन २९,५०० च्या आसपास मिळाला. दोन्हीकडे बॅटरीबाबत केवळ ‘किमान ८० टक्के’ एवढेच आश्वासन होते.

प्राजक्त_सोलापूर

माझ्याकडे चार वर्षे वापरलेला अँड्रॉइड फोन आहे. बिल नाही, बॉक्स हरवला आहे आणि बॅटरी हेल्थचा आकडा सेटिंगमध्ये कुठेही दिसत नाही. मला कोणत्या ॲपवर जास्त भाव मिळेल?

मोबाईल_मिस्त्री

प्राजक्त, येथील प्रश्न ॲप निवडण्याचा नाही, तरी थोडक्यात सांगतो. तुमच्या फोनचा भाव बॅटरीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर ठरेल, ती म्हणजे कंपनीकडून सुरक्षा अपडेट अजून येतात की बंद झाले. ते बंद झाले असतील, तर फोन दिसायला नवाकोरा असला तरी ग्राहक हात आखडता घेतो. बिल आणि बॉक्स दोन्ही नसल्यामुळे ओळखीच्या माणसाला विकणे तुम्हाला सोयीचे जाईल.

वैदेही, आता तुमचा हिशेब मांडतो. दुकानाच्या २९,५०० मध्ये दुकानदाराचा नफा, तपासणीचा खर्च आणि सहा महिन्यांत फोन परत आला तर त्याची जोखीम, हे सर्व धरलेले असते. तुम्ही वॉरंटी देऊ शकत नाही, म्हणून माझ्या अनुभवाने त्यातून चार हजार कमी केले की थेट विक्रीचा भाव २५,५०० पर्यंत येतो. कोपऱ्यातला पोचा आणि ओरखडे मिळून एक हजार वजा करा. मागची काच फुटलेली असती, तर वजावट कितीतरी मोठी झाली असती, कारण आयफोन १३ मध्ये ती सहज सुटी होत नाही. सुटणारी रचना पुढच्या साध्या आयफोन १४ पासून आली.

बॅटरीबाबत ग्राहक म्हणेल की नव्या बॅटरीचा पूर्ण खर्च कमी करा. ही मागणी मान्य करू नका. तीन वर्षांच्या फोनाची बॅटरी झिजलेली असणार हे २९,५०० या भावात आधीच आलेले आहे. दुकानही ८० च्या वरच्या बॅटरीचेच आश्वासन देते. तुमची अडचण अशी की ८१ हा आकडा उंबरठ्यावर उभा आहे. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकावी, अशा बेताने बनवलेली असते. आकडा ८० च्या खाली गेला की सेटिंगमध्ये बॅटरी बदलण्याची सूचना येते, आणि तीच सूचना दाखवून ग्राहक दोन-तीन हजारांची घट मागतो. आज उंबरठ्याचे म्हणून एक हजार वजा करा, पण विक्री दोन महिने लांबवू नका.

याप्रमाणे २३,५०० हा तुमचा खरा भाव झाला. मागताना २५,५०० सांगावे. २१,५०० च्या खाली मात्र येऊ नये. त्याखाली आलात, तर अनोळखी माणसांना घरी बोलावण्याचा त्रास सोसूनही हाती येणारी रक्कम ॲपच्या भावाहून फारशी वेगळी राहत नाही.

जुना_कारभारी

दुकानाच्या भावावरून मागे येण्याची रीत पटली. पण स्वस्तात बॅटरी बदलून १०० टक्के दाखवला तर तुमची एक हजारांची वजावट वाचत नाही का?

मोबाईल_मिस्त्री

उलट नुकसान होते. Settings मध्ये General आणि त्यात About उघडले की बदललेल्या भागांची नोंद दिसते. तिथे बॅटरीसमोर `Unknown Part` असे आले, तर माझ्यासारखा माणूस फोन उघडला गेला असे गृहीत धरतो आणि डिस्प्लेसुद्धा संशयाने पाहतो. काही कारागीर जुन्या बॅटरीचा नियंत्रक नव्या सेलला जोडून किंवा यंत्राने आकडा वाढवूनही देतात. म्हणूनच तीन वर्षांच्या फोनवर, अधिकृत नोंदीशिवाय, १०० टक्के दिसला की मी अधिक सावध होतो. ८१ टक्के आणि कधीही न उघडलेला फोन हा मला त्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

सुलभा_आ

मी अलीकडेच याच मॉडेलचा जुना फोन घेतला, त्यामुळे ग्राहकाच्या बाजूने लिहिते. मिस्त्रींच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून पावती दाखवणाऱ्या एका विक्रेत्याला मी ८१ टक्क्यांच्या फोनापेक्षा जास्त पैसे आनंदाने दिले, कारण पुढची दोन वर्षे मला केंद्रात फेऱ्या घालायच्या नव्हत्या. तेव्हा वैदेही यांनी अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून, भाव वाढवून विकण्याचा पर्यायही विचारात घ्यावा.

विक्रेत्याकडे गेल्यावर मी काय पाहिले तेही सांगते. फोन बंद करून ट्यूबलाइटखाली तिरका धरला, तेव्हा ओरखड्यांची खोली समजली. नंतर ब्राइटनेसच्या नियंत्रणात ‘ट्रू टोन’ चालू-बंद होते का ते पाहिले, कारण डिस्प्ले नकली बसवला असेल तर ही सोय बहुधा नाहीशी होते. एका फोनात ती नव्हती आणि विक्रेत्याला कारण सांगता आले नाही, तेव्हा मी तो नाकारला.

मोबाईल_मिस्त्री

सुलभाताई, तुमच्यासारखा ग्राहक भेटला तर नक्कीच फायदा होईल. माझा अनुभव असा आहे की अधिकृत बॅटरीवर केलेला खर्च विक्रीत पूर्ण परत येत नाही. निम्म्याच्या आसपासच मिळतो. बाकीच्यांचेही अनुभव वाचायला आवडतील.

चार्जर आणि कव्हरांबाबत सांगायचे राहिले. आयफोन १३ च्या बॉक्समध्ये चार्जर कधीच येत नव्हता, केवळ केबल येत असे. म्हणून २० वॉटचा चार्जर ही तुमची स्वतंत्र वस्तू आहे आणि ती किमतीत मिळवू नये. ग्राहक २३,००० वर अडून बसला की “चार्जरही घ्या, पण २३,५०० द्या” असे म्हणायला ती राखून ठेवावी. कव्हरांना मोल मिळत नाही. बिल आणि बॉक्सने भाव वाढत नाही, पण ती नसतील तर मी हजार-दीड हजार कमी करतो, कारण चोरीचा फोन नाही ना, ही शंका उरते. बॉक्सवरचा आयएमईआय आणि `*#06#` डायल केल्यावर दिसणारा क्रमांक जुळवून दाखवावा. ग्राहकाला `KYM` आणि त्यापुढे तो पंधरा आकडी क्रमांक १४४२२ वर पाठवायला सांगितले, तर फोन काळ्या यादीत आहे का हे त्याला स्वतःच कळते.

वैदेही_नाशिक

हिशेब स्पष्ट झाला. बिल माझ्या भावाच्या नावावर आहे, म्हणून त्याच्याकडून सही केलेले पत्र घेत आहे. २५,५०० ला जाहिरात देते आणि पोचाचा जवळून काढलेला फोटोही त्यात ठेवते. अधिकृत बॅटरीचा खर्च उद्या केंद्रात विचारून इथे लिहीन.

सुलभा_आ

पोचाच्या फोटोबरोबर About च्या पानाचा आणि बॅटरी हेल्थचा स्क्रीनशॉटही द्यावा. जाहिरातीत हे दोन्ही असते, तर मी निम्म्या विक्रेत्यांना फोनही केला नसता आणि तुमच्यासारख्यांकडे थेट आले असते.