‘साडेसात आयएसटी, नऊ ईएसटी’: मीटिंगची वेळ नेमकी लिहायची कशी?

पेठेतला_लेटकमर
17 मार्च 2026 च्या मंगळवारसाठी मी लंडन आणि न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांना लिहिलं, ‘संध्याकाळी 7:30 आयएसटी, म्हणजे सकाळी 9 ईएसटी’. फेब्रुवारीभर आम्ही ह्याच वेळेला भेटत होतो. लंडनवाला वेळेवर आला. न्यूयॉर्कच्या बाई मात्र तासभर आधीच येऊन एकट्या बसल्या आणि वैतागून निघून गेल्या. मी तेव्हा चहा पीत होतो. माझं मत असं झालंय की ह्यापुढे फक्त यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ द्यावी आणि ज्याने त्याने आपापलं बघावं. पटतंय का?

कोकणकडा
नाही पटत. आधी घोळ कुठे झाला ते बघा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, यंदा ती 8 तारखेला झाली. ब्रिटनमध्ये हेच मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं, म्हणजे 29 ला. मधले तीन आठवडे न्यूयॉर्कशी कुणाचंच हिवाळ्यातलं अंतर खरं राहत नाही. पुणे–न्यूयॉर्क साडेदहा तासांचं साडेनऊ झालं होतं. लंडनशी मात्र साडेपाचच राहिलं, म्हणून तो बरोबर आला.

आणि गंमत ऐका, तुमचं वाक्य अक्षरशः बरोबर होतं! ईएसटी हे हिवाळ्यातल्या वेळेचं नाव. 17 मार्चला त्या हिशोबाचे नऊ म्हणजे बाईंच्या भिंतीवरचे दहा. पण असं कोण वाचतं? त्यांनी ‘नऊ’ वाचलं आणि आपल्या घड्याळाचे नऊ धरले. ही तीन अक्षरं लिहिणंच सोडा. आयएसटी तरी एकट्या आपलं कुठंय? आयर्लंडची उन्हाळी वेळही त्याच अक्षरांत लिहितात आणि इस्रायलची हिवाळी वेळही. गावाचं नाव घाला: ‘मंगळवार 17 मार्च, न्यूयॉर्क सकाळी 10, लंडन दुपारी 2, पुणे संध्याकाळी 7:30’. चूक झालीच तर तीन आकड्यांतला एखादा विसंगत दिसतो आणि कुणीतरी विचारतं. नुसत्या यूटीसीत चूक झाली तर ती पकडायला दुसरं काहीच नसतं.

बिनचूक_बंड्या
मी धागाकर्त्याच्या बाजूने. आमचे सगळे सर्व्हर यूटीसीवर चालतात, कधी भानगड नाही. एक वेळ, एक सत्य. तीन गावांच्या वेळा लिहायच्या म्हणजे चुकायला तीन जागा. इंजिनिअर माणसाला साडेपाच मिळवता येत नसतील तर बोलणंच खुंटलं.

कोकणकडा
बंड्या, सर्व्हरला मुलं शाळेतून आणायची नसतात. झालेल्या गोष्टीची नोंद ठेवायला यूटीसी उत्तमच. एकदाच व्हायच्या मीटिंगलाही चालेल. पण दर मंगळवारची मीटिंग 14:00 यूटीसीला बांधून ठेवलीत तर मार्च उलटला की न्यूयॉर्कचे नऊचे दहा होतात, लंडनचे दोनचे तीन. आपले साडेसात मात्र जागचे हलत नाहीत. कारण यूटीसीही हलत नाही आणि भारतही नाही. पुण्यात बसून ‘यूटीसी तटस्थ आहे’ म्हणणं म्हणजे आपलंच घड्याळ साडेपाच तास मागे करून पुढ्यात ठेवणं.

बिनचूक_बंड्या
मग हलू देत की! घड्याळं ते फिरवतात, आपण नाही. त्रास त्यांनीच काढावा.

कोकणकडा
हे मत झालं, त्यावर भांडता येईल. पण ते ठरवून करा, नकळत नको. दर आठवड्याचं निमंत्रण ज्या झोनमध्ये बनवलं त्या झोनचं घड्याळ धरून ते चालतं. आमचं America/New_York धरून आहे: तिथे कायम नऊ, आपल्याकडे हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. Asia/Kolkata धरलं असतं तर आपलं स्थिर राहिलं असतं, त्यांचं सरकलं असतं. निमंत्रण बनवताना वेळेशेजारी झोन निवडता येतो. तिथे फारसं कुणी बघत नाही, आणि मग वर्षातून दोनदा बोंब.

सईची_आई
तुम्ही सगळे गणितातच अडकलात. खरा प्रश्न रात्री कोण जागतं हा आहे! आमच्याकडे चार वर्षं दर गुरुवारी पुणेकरच रात्री साडेनऊला बसतात. वेळ कशीही लिहा, यूटीसीत नाहीतर मोडीत, स्वयंपाकघरातून कॅमेरा बंद ठेवून बोलायचं आम्हीच.

पेठेतला_लेटकमर
ताई, मुद्दा शंभर टक्के खरा, पण माझा प्रश्न लिहायचं कसं एवढाच होता.

सईची_आई
लिहिण्यातच ते दिसतं ना भाऊ. कोकणकडा म्हणतात तसं सगळ्याच गावांच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या आणि आमच्यासमोर ‘रात्री 9:30’ आलं, तेव्हा कुठे आमच्या साहेबांना पहिल्यांदा कळलं. यूटीसीत ते 16:00 असतं, किती सुसह्य वाटतं!

घड्याळजी
मी म्हणतो लिहिताच कशाला? मोकळ्या वेळांची लिंक पाठवा. उघडणाऱ्याला आपोआप त्याच्या वेळेत दिसतं. विषय संपला.

रात्रपाळी
संपला नाही. अशी पानं बहुधा ज्या यंत्रावर उघडलीत त्याची वेळ घेतात. मी हिंजवडीत बसून क्लायंटच्या रिमोट मशीनवर काम करते, त्या मशीनचं घड्याळ अमेरिकेतलं. मी लिंकवर ‘सकाळी 11’ मोठ्या खुशीत निवडलं आणि ते निघालं आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. पानावर झोनचं नाव बारीक अक्षरात होतं म्हणे.

माझी खरी तक्रार मात्र तारखेची. आपण सर्रास ‘शुक्रवारी रात्री साडेबारा’ म्हणतो, आणि मनात शुक्रवारची रात्र सरताना असं असतं. कॅलेंडरच्या लेखी तोवर शनिवार उजाडलेला असतो. आपला वार पहाटेपर्यंत तोच राहतो, त्यांचा बाराला बदलतो. मी एकदा अशीच चोवीस तास उशिरा हजर झालेय. आता मध्यरात्रीच्या आसपासची वेळ सुचवतच नाही. सुचवावी लागली तर प्रत्येक गावापुढे वार आणि तारीख पुन्हा लिहिते, महिना अक्षरांत. 3/4 म्हटलं की आपल्याला 3 एप्रिल दिसतो आणि अमेरिकेला 4 मार्च.

पेठेतला_लेटकमर
बरं, यूटीसीचा हट्ट सोडला (अर्धा). ऑक्टोबरात सिडनीचा एक जण येतोय. हे कसं वाटतं?

‘मंगळवार 27 ऑक्टोबर 2026: न्यूयॉर्क सकाळी 9, लंडन दुपारी 1, पुणे संध्याकाळी 6:30, सिडनी रात्री 12.’

कोकणकडा
लंडन 1 बरोबर लिहिलंत, शाब्बास. ब्रिटनची घड्याळं 25 ऑक्टोबरला मागे येतात, अमेरिकेची 1 नोव्हेंबरला. तो आठवडाभर त्यांच्यात चारच तासांचं अंतर असतं, बरेच जण सवयीने दोन लिहून मोकळे होतात.

रात्रपाळी
पण सिडनी! ‘मंगळवार… रात्री 12’. तिथे तेव्हा बुधवार 28 सुरू होतोय. तो बिचारा सोमवारची रात्र सरताना येऊन बसेल. दोन तास अलीकडे घ्या: न्यूयॉर्क सकाळी 7, लंडन सकाळी 11, पुणे दुपारी 4:30, सिडनी रात्री 10. चौघांनाही मंगळवारच.

बिनचूक_बंड्या
आणि शेवटी 11:00 यूटीसी जोडा. एवढं तरी ऐका.

पेठेतला_लेटकमर
जोडतो. पण मागच्या वेळी एकट्या बसलेल्या बाईंना आता सकाळी सातला बोलवायचं? हे त्यांना कोण सांगणार?

सईची_आई
मी सांगते. साडेनऊचा हिशोब काढून ठेवलाय.