ऑफ तासांत पेपर तपासून होतात का?

गोदाकाठ: नववीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवते, मुलं ११८. आठवड्याला ३१ तास, ऑफ तास १४. टाचण, चाचणीचे पेपर आणि पालकभेटी शाळेच्या वेळेतच बसवायच्या आहेत, गठ्ठा घरी न्यायचा नाही. जमेल का?

जुने मास्तर: नाही जमणार. मी तीस वर्षं रविवारी सकाळी पेपर तपासले. घरी सलग बसलं की पहिल्या आणि शेवटच्या मुलाला एकाच मापाने गुण पडतात. तासातासाने तपासलं की हात बदलतो.

सिडकोवाली बाई: मास्तर, हात बदलतो म्हणूनच एक प्रश्न घेऊन तो सगळ्या गठ्ठ्यात तपासायचा, मग पुढचा. मध्ये तास झाला तरी माप तेच राहतं.
ताई, २० गुणांच्या पेपरला ४ मिनिटं धरली तर ११८ पेपरांना जवळजवळ आठ तास लागतात. ३५ मिनिटांचे १४ ऑफ तास म्हणजे आठ तासांहून थोडे जास्त. कागदावर बसतं, पण निदान चार ऑफ बदली तासांत जातात आणि उरलेल्यात गठ्ठा काढण्या-ठेवण्यात पाच-पाच मिनिटं. हाती पाचच तास राहतात.
म्हणून मी दोन्ही तुकड्यांची चाचणी एका आठवड्यात घेत नाही. ५९ पेपरांना चार तास, म्हणजे आठ ऑफ. लागून आलेले ऑफ आधी पेपरांना द्यायचे, सुटे दोन टाचणाला. उरलेलं टाचण शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसून. पालक गुरुवारी सुटल्यावर, दहा मिनिटांना एक, चौघेच. गुरुवारपर्यंत निम्मा गठ्ठा झाला नसेल तर त्या आठवड्यात नवी चाचणी ठेवू नका.

नियमवाला: एवढी कसरत कशाला? शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास तयारीसकट धरलेत. मुख्याध्यापकांना तेच दाखवा.

सिडकोवाली बाई: आकडा बरोबर आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा आणि ते तास घड्याळाचे. ताईंचे ३१ तास घड्याळात अठराच भरतात. हे दाखवलंत तर आणखी तास अंगावर येतील.

सातपूरकर: मी पालक. मुलाच्या शाळेने दुपारी तीनला बोलावलं. माझी पहिली पाळी साडेतीनला सुटते. दोनदा अर्धी रजा टाकली, पगार कापला गेला. गुरुवारच का, तेही सुटल्यावरच का?

सिडकोवाली बाई: दादा, माझ्या वर्गात असे पालक आहेत. त्यांच्यासाठी शनिवारच्या टाचणातली दहा मिनिटं देते. रात्रपाळीवाल्यांना मात्र फोनच करावा लागतो.

जुने मास्तर: प्रश्नाप्रश्नाने तपासायचं पटलं. पण दुसऱ्या तुकडीला आठवड्याने तोच पेपर दिला तर तो आधीच फुटलेला असतो.

सिडकोवाली बाई: आकडे बदलून दुसरा पेपर काढते, त्यात एक ऑफ जातो.

गोदाकाठ: वर्गचाचणीला हे जमेल. घटक चाचणीला शाळेचं वेळापत्रक ठरलेलं, दोन्ही तुकड्या एकाच दिवशी. त्याचं काय?

सिडकोवाली बाई: तेव्हा मीही गठ्ठा घरी नेते.