मदत हवी आहे: कोथरूडहून धायरीला आलोय, आमचं रेशन दुकान आता कुठलं आणि ते नक्की आहे कुठे?

नवाभाडेकरू: कार्ड केशरी आहे, पत्ता अजून कोथरूडचाच. मॅपवर धायरीत दोन-तीन स्वस्त धान्य दुकानं दिसतात पण एका जागी गेलो तर तिथे मोबाईल रिपेरिंगचं दुकान निघालं, शेजारचे म्हणाले रेशनवाला केव्हाच हलला. माझ्या पत्त्याला कुठलं दुकान लागतं हे कसं कळणार?

सिलिंडरकाका: गॅसबुकवर एजन्सीचं नाव नंबर असतो, फोन लावा आणि बिल्डिंगचं नाव सांगा. आम्हाला घराजवळची एजन्सी म्हणाली तुमची गल्ली आमच्याकडे येत नाही!

नवाभाडेकरू: काका, गॅसचं झालंय. रेशनचं विचारतोय.

पिवळी_पिशवी: सोप्पंय, नवीन पत्त्याचं आधार केलं की दुकान आपोआप बदलतं.

तराजू: नाही ओ, आपोआप काही होत नाही. दुकान पत्त्याला नाही, कार्डाला जोडलेलं असतं. mahaepos.gov.in वर RC Details मध्ये जा, कार्डाचा बारा अंकी नंबर टाका, महिना निवडा. घरातली नावं येतात, दुकानाचा नंबर येतो आणि धान्य उचललं असेल तर तेही दिसतं. तुमचं अजून कोथरूडचंच दुकान येणार, कारण बदलाचा अर्जच झालेला नाही. तिथेच कार्डाचा प्रकारही बघा, केशरी असून प्राधान्य यादीत नसाल तर धान्याचा प्रश्नच येत नाही, उगाच दुकानं शोधत बसाल.

नवाभाडेकरू: बघितलं. प्राधान्यमध्ये आहे, दुकान कोथरूडचंच. मग धायरीत मिळणारच नाही का?

तराजू: मिळतं की. आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही दुकानात अंगठा लावून घेता येतं, म्हणून या महिन्याचं अडणार नाही. फक्त माल उरलाय का ते आधी विचारा, महिनाअखेरीला दुकानदार आपल्या कार्डवाल्यांचं बघतो. आणि जागेची खात्री मॅपवरून करू नका, लोकेशन जुनं राहतं. ज्या शेजाऱ्याकडे रेशन येतं त्याची मशीनची पावती मागा, त्यावर दुकानाचा नंबर असतो, तोच दुकानाच्या पाटीवर दिसला म्हणजे झालं. नाव नका बघू, परवाना एकाचा, चालवतो दुसरा, असं पुष्कळ असतं.

नवाभाडेकरू: खालच्या वॉचमनकडे पावती मिळाली, दुकान मंदिरामागच्या बोळात निघालं! मॅपवर ते नव्हतंच. आता कायमचं बदलायला अर्ज कुठे, शहराच्या परिमंडळ कार्यालयात की हवेली तहसीलच्या पुरवठा शाखेत?

पिवळी_पिशवी: धायरी 2017 ला महापालिकेत आली ना, म्हणजे परिमंडळच.

तराजू: महापालिकेत आली म्हणून रेशनची हद्द बदलली असं धरू नका, दोन्ही वेगळं आहे. त्या बोळातल्या दुकानदारालाच विचारा तो कुठल्या ऑफिसखाली येतो, किंवा रेशनच्या 1967 हेल्पलाइनवर दुकानाचा नंबर सांगून विचारा. भाडेकरार न्या सोबत.

सिलिंडरकाका: 1967 लागला तर आम्हालाही कळवा.