आधी दुकानाला खासगी निरोप, मग रिव्ह्यू : तुम्ही तो निरोप कसा लिहिला?

निशिगंध : दिवाळीआधी मी ठाण्यातल्या एका दुकानातून सोफ्याचा फोम आणि कापड बदलून घेतले. पावतीवर ‘फोम ४० डेन्सिटी’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही दोन महिन्यांतच मधली बैठक खोल गेली. एक तारा देऊन मोकळे व्हावे असे मनात आले होते, त्याऐवजी दुकानाला व्हॉट्सॲपवर लिहिले, “तुम्ही फसवणूक केली आहे. उद्यापर्यंत दुरुस्त केले नाहीत, तर गूगलवर सगळे लिहीन.” निळ्या टिका आल्या, उत्तर मात्र आठ दिवस आले नाही. आपण असे निरोप कसे लिहिलेत आणि त्यांचे पुढे काय झाले, ते कृपया सांगावे.

गल्ल्यामागचा : फर्निचरच्या दुकानात मी बारा वर्षे गल्ल्यावर बसलो आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. असा निरोप आधी दुकानातला मुलगा वाचतो आणि तो मालकाला तसाच पुढे पाठवतो. ‘फसवणूक’ हा शब्द दिसला की मालक दुरुस्तीचा विचार सोडून स्वतःच्या बचावाचा विचार करू लागतो आणि ‘काही लिहून देऊ नकोस’ असे मुलाला बजावतो. शिवाय ‘बैठक खोल गेली’ यावर ‘वापराने जाते’ हे उत्तर तयार असते. तुमच्याकडे पावती आहे, तेव्हा मोजता येईल असे काहीतरी लिहा. कुशनची चेन उघडून फोम बाहेर काढा आणि कापडाशिवाय वजन करा. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो, त्या हिशेबाने दोन फूट लांब, दोन फूट रुंद, पाच इंच जाड असा तुकडा साधारण १ किलो ९०० ग्रॅम भरायला हवा.

सह्यकडा : दुकानदाराने ४८ तासांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तेवढे एक वाक्य टाकले की काम होते.

गल्ल्यामागचा : तो नियम २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला, म्हणजे ऑनलाइन विक्रीसाठीचा आहे, आणि त्यातले ४८ तासही तक्रार मिळाल्याची पोच देण्यापुरतेच आहेत, निवारणाला एक महिना असतो. समोर जाऊन पावती घेतलेल्या दुकानाला तो दाखवलात, तर तुम्हाला विषय माहीत नाही एवढेच त्याला कळेल.

मोगरा_७ : माझा अनुभव वेगळा आहे. गुहागरजवळ एका घरगुती निवासात दोन्ही दिवस गीझर बंद होता. घरी परतल्यावर मी सविस्तर आणि सभ्य भाषेत लिहिले, तर मालकीणबाईंनी विचारले, “ताई, राहात असताना का नाही सांगितलंत? बादलीभर गरम पाणी तरी दिलं असतं.” मला उत्तर सुचले नाही आणि मी रिव्ह्यूही लिहिला नाही. अशा ठिकाणी मजकुरापेक्षा वेळ महत्त्वाची ठरते, असे मला वाटते.

दुकानदार_नाशिक : आमच्या मिठाईच्या दुकानावर कुणीतरी एक तारा दिला आहे. तो काढून कसा टाकावा?

निशिगंध : त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. मी फोमचे वजन केले. ते १ किलो ३०० ग्रॅम भरले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर फोम मावत नव्हता, म्हणून तो परातीत उभा ठेवून परातीचे वजन वजा केले. नंतर वजनाचा आणि पावतीचा फोटो जोडून असे लिहिले :

“नमस्कार. १२ ऑक्टोबरच्या पावतीत ४० डेन्सिटीचा फोम ठरला होता. मधल्या बैठकीचा फोम २ फूट बाय २ फूट, ५ इंच जाड असून त्याचे वजन १ किलो ३०० ग्रॅम भरले. हिशेबाने ते सुमारे १ किलो ९०० ग्रॅम असायला हवे. हा तुकडा ठरलेल्या फोमने बदलून द्यावा, ही विनंती. माणूस कधी पाठवाल, ते शनिवारपर्यंत कळवावे.”

रिव्ह्यूचा उल्लेख मुद्दाम टाळला. त्याच संध्याकाळी मालकांचा स्वतः फोन आला आणि चौथ्या दिवशी तुकडा बदलून मिळाला. जाताना कारागीर म्हणाला, “शेठनी पाच तारे द्यायला सांगितलंय.”

सह्यकडा : मग द्यायला हरकत नाही. काम तर झाले.

गल्ल्यामागचा : मोबदल्याच्या बदल्यात रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाही; पण चूक दुरुस्त करणे हा मोबदला म्हणायचा की नाही, यावर आमच्या दुकानातही वाद होत असत. मी असतो तर आधी काय झाले आणि नंतर काय झाले, दोन्ही लिहिले असते.

मोगरा_७ : मी काहीच लिहिले नसते. त्यांनी शब्द पाळला आहे.

निशिगंध : तसे ठरवतच होते, परंतु बाजूच्या दोन बैठकींचेही वजन केले आणि दोन्ही १ किलो ३५० ग्रॅमच्या आतच भरल्या. त्यांच्यासाठी दुसरा निरोप आज पाठवला आहे. मजकूर तोच ठेवला, फक्त पहिला तुकडा वेळेवर बदलून दिल्याबद्दल सुरुवातीला एका वाक्यात आभार मानले. अद्याप एकच टीक दिसत आहे.