मदत हवी आहे: तारे बघायला नव्याने लागलेल्या वडिलांना काय भेट द्यावी?

रेवा_क
बाबा ६६ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना ताऱ्यांचा नाद लागलाय. सप्तर्षी, मृग, वृश्चिक ओळखतात, पण त्यापुढे अडतात. वाढदिवसाला दुर्बीण द्यायचं मनात आहे. एक पाहिली आहे: भिंग ६० मिमी, नाभीय अंतर ७०० मिमी, सोबत तिपाई, डोळ्याशी यायचं भिंग म्हणजे आयपीस, पट वाढवणारा बार्लो आणि सूर्यासाठी फिल्टर. खोक्यावर '५२५ पट' असं लिहिलंय. घेऊ का? त्यांना चष्मा आहे आणि फार वाकता येत नाही. नकाशा कोणता घ्यावा तेही सांगा.

मोहनराव
घ्या की. पट जितके जास्त तितका ग्रह मोठा दिसतो. शनीची कडी बघायची तर दीडशे पट तरी हवेतच. फक्त तिपाई मजबूत आहे ना ते बघा, हात लावला की चित्र हलतं.

तिमिर
मोहनराव, तिपाईचं अगदी खरं आहे, पटांचं नाही. ते ५२५ कुठून आले बघा: ७०० ला ४ मिमीच्या आयपीसने भागलं की १७५ येतात, त्यावर तीन पटीचा बार्लो लावला की ५२५. हिशोब बरोबर आहे, पण ६० मिमीच्या भिंगात तेवढा उजेडच येत नाही. भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंत, म्हणजे इथे १२० पटांपर्यंत चित्र नीट राहतं. त्यापुढे गुरू म्हणजे एक मोठा, अंधुक, थरथरणारा डाग. शनीची कडी ३०-४० पटीलाही वेगळी कळते.

रेवाताई, ते भिंग वाईट नसतं. २५ मिमीचा आयपीस लावला तर २८ पट मिळतात आणि चंद्र सुंदर दिसतो. पण अशा संचातली तिपाई बहुधा लेचीपेची असते. दुकानात नळीला हलकी टिचकी मारून बघा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं नाही, तर घेऊ नका. आणि आयपीसमध्ये बसवायचा तो सूर्याचा फिल्टर कुणाच्याही हाती लागण्याआधी फोडून फेका. सगळी उष्णता तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणाराच हवा.

मी बाबांना आधी बायनॉक्युलर देईन. साधारण ७x५०, म्हणजे सात पट आणि ५० मिमीची भिंगं, सुचवतात, पण त्यातून ७ मिमी रुंद प्रकाशझोत बाहेर पडतो आणि साठीनंतर बाहुली बहुधा तेवढी उघडत नाही, उरलेला उजेड वाया जातो. १०x५० मध्ये झोत ५ मिमी, म्हणून ते बरं. हात कापत असतील तर ८x४२, वजनालाही हलकं. चष्म्यासकट बघायचं असेल तर डोळा काचेपासून १५ मिमीहून जास्त लांब ठेवता येतो ना, ते विचारा. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं, दृष्टिवैषम्य असेल तर मात्र चष्मा लावूनच बघावं. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, गुरूचे चंद्र, हे सगळं त्यात दिसतं.

वसुधा
माझ्या भाच्याला मोबाईलवर चंद्राचे फोटो काढायचेत. त्याला कुठली दुर्बीण घेऊ?

तिमिर
वसुधाताई, चंद्राला आयपीसवर फोन धरून ठेवणारा साधा धारक पुरतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, हा बाबांचा आहे.

रेवा_क
मग बायनॉक्युलरच घेते. पण डोक्यावरचं बघताना मान दुखेल ना?

तिमिर
दुखते. म्हणून मागे रेलता येणारी, हात असलेली खुर्ची द्या. कोपरं टेकली की १०x५० ही बरंच स्थिर राहतं. माझ्या मते सगळ्या उपकरणांत हीच सगळ्यात उपयोगी भेट.

नकाशाला महिना आणि वेळ जुळवायची फिरती चकती घ्या, पण तुमच्या अक्षांशाची. ५० अंश उत्तरेसाठी केलेल्या चकतीवर अगस्त्य नसतोच, आणि २० अंशावरचा माणूस त्याला शोधत बसतो. सोबत लाल उजेडाचा अगदी मंद टॉर्च. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं वाया जातं. साध्या टॉर्चला लाल जिलेटिनचे दोन-तीन थर लावलेत तरी भागेल.

अनुराधा_नक्षत्र
मी असहमत. १३० मिमी आरशाची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन दुर्बीण द्या. आयपीस नळीच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे बसून बघता येतं, वाकायला लागत नाही. बायनॉक्युलरमधून शनीची कडी वेगळी दिसत नाही, आणि नवशिक्याला तीच बघायची असते.

तिमिर
हे मान्य. पण त्याला न हलणारं टेबल लागतं आणि आरसे अधूनमधून जुळवावे लागतात. रेवाताई, बाबांना स्क्रू फिरवत बसायला आवडतं का?

रेवा_क
घरातला रेडिओ तेच उघडतात! पण गच्चीवर टेबल नाही, आणि दुर्बीण रोज वर कोण नेणार हाही प्रश्न आहे. खुर्ची, चकती आणि टॉर्च ठरलं. बायनॉक्युलर की डॉब, हे बाबांना न कळू देता कसं काढून घेऊ?

मोहनराव
कृत्तिका बघायच्यात की शनी, एवढंच विचारा.