अनुभव धागा: घरच्या व्यवसायाचे ग्राहक आणि वाढ स्वतःच्या प्रोफाईलवर कशी लिहिलीत?

अनघा_नाशिक
मंडळी, घरून काही बनवून विकणाऱ्यांनी लिहाच, पण अशांकडून विकत घेणाऱ्यांनीही लिहा, त्यांचं मला जास्त ऐकायचंय. मी चार वर्षं चकलीची भाजणी, थालीपीठ भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करते. वेगळं पेज नाही, माझ्या नेहमीच्या फेसबुक प्रोफाईलवरच टाकते, म्हणजे शाळेतल्या मैत्रिणी, सासरचे, सोसायटीतले आणि गिऱ्हाईक सगळे एकाच ठिकाणी.

तिथे मी लिहिलं होतं "हजारो समाधानी ग्राहक" आणि गेल्या दिवाळीनंतर "एका वर्षात तिप्पट वाढ". खोटं लिहायचं म्हणून नव्हतं लिहिलं, सगळ्याजणी तसंच लिहितात म्हणून लिहिलं. मग ठाण्याच्या एका दुकानदार बाईंचा फोन आला, त्यांना माल ठेवायचा होता. पहिलाच प्रश्न, महिन्याला किती किलो जातं? मला सांगता येईना. मग म्हणाल्या हजारो ग्राहक म्हणजे किती आणि त्यातले परत किती येतात? मी काहीतरी पुटपुटले. ऑर्डर आलीच नाही. फार लागलं मनाला, कारण भाजणी खरंच चांगली आहे माझी.

त्या रात्री वही काढून बसले. सुदैवाने पहिल्या दिवसापासून लिहिलंय, तारीख, नाव, काय, किती. निघालं ते असं: एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ मध्ये ४१२ ऑर्डरी, १६३ घरं. पुढच्या वर्षी ५३८ ऑर्डरी, १८७ घरं, आणि त्या १८७ मधली ९६ घरं एकापेक्षा जास्त वेळा मागवणारी. हजारो कुठेच नाहीत. पण ९६ आकडा बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू, अर्ध्याहून जास्त घरं परत आलीत.

आता "तिप्पट" कुठून आलं होतं ते पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, पोळ्या राहिल्यात.

विदुला
अनघा, लिही गं लवकर. मी पण "शेकडो कुटुंबांचा विश्वास" लिहून बसलेय आणि वही नाहीये माझ्याकडे, सगळं व्हॉट्सॅपमध्ये.

अनघा_नाशिक
आले. तर ऑक्टोबर २०२३ ला ३८ ऑर्डरी होत्या आणि ऑक्टोबर २०२४ ला १२१. झालं, तिप्पट! पण २०२३ चं लक्ष्मीपूजन होतं १२ नोव्हेंबरला आणि २०२४ चं १ नोव्हेंबरला. म्हणजे २०२४ मध्ये चकलीच्या भाजणीची सगळी गर्दी ऑक्टोबरातच उरकली आणि आदल्या वर्षी निम्म्याहून जास्त नोव्हेंबरात गेली होती. त्याच हिशोबाने नोव्हेंबर बघितला तर ७१ वरून १४ वर आलेय, म्हणजे धंदा बुडालाच म्हणायचं! मग लक्ष्मीपूजनाच्या आधीचे सहा आठवडे दोन्ही वर्षांचे मोजले. १०४ आणि १३१. वाढ आहे, चांगली आहे, साधारण सव्वापट. तिप्पट नाही.

ललिताताई_सांगली
अनघा, हे तू फार नेमकं पकडलंस. मी १४ वर्षं लोणची आणि उन्हाळी वाळवण करते, मीही दिवाळी ते दिवाळीच मोजते, लोणच्याला मात्र कैरी ते कैरी. जून जूनशी लावला तर वळीव लवकर आला की सगळा हिशोब चुकतो. अधिक महिना आला की सण जवळपास तीन आठवडे पुढे सरकतात, २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून तर दिवाळी इतकी उशिरा आली. सणावर चालणारा धंदा इंग्रजी महिन्यांनी मोजायचाच नाही.

दुसरं सांगते, राग मानू नकोस. ऑर्डरी वाढल्या म्हणजे माल वाढला असं नाही. पावशेराची पाकिटं काढलीस की ऑर्डरी वाढतात आणि किलो तेवढेच राहतात. आणि रुपयांत वाढ सांगणाऱ्या तर फारच फसतात, डाळी आणि खोबरं महागलं की भाव वाढवावाच लागतो, मग उलाढाल वाढलेली दिसते आणि हातात पूर्वीपेक्षा कमी राहतं. म्हणून मी प्रोफाईलवर किलो लिहिते. "या हंगामात कैरीचं लोणचं १८० किलो घातलं, ३० जूनपर्यंत संपलं." एवढंच. त्यात ज्याला कळायचं त्याला कळतं, घरात दोन बायका एवढंच करू शकतात हेही कळतं.

श्रद्धा_डोंबिवली
छान धागा. मला वाटतं आकड्यांपेक्षा सर्टिफिकेट जास्त काम करतं. मी २०२२ ला एफएसएसएआय काढलं, वर्षाला १०० रुपये फी होती, ऑनलाईन झालं. तेव्हापासून प्रोफाईलवर मोठ्ठं लिहिते "सरकारमान्य दर्जा, एफएसएसएआय सर्टिफाईड". सरकारने तपासलंय म्हणल्यावर लोक विचारतच नाहीत पुढे.

ललिताताई_सांगली
श्रद्धा, काढलंस ते उत्तम केलंस, ते हवंच. पण १०० रुपयेवालं ते रजिस्ट्रेशन असतं, छोट्या व्यवसायाची नोंद. तुझ्या लाडवाची चव किंवा दर्जा कोणी तपासून शिक्का दिलेला नाही. तुझ्या घरी कोणी बघायला आलं होतं का? माझ्याकडे आलं नव्हतं. म्हणून "एफएसएसएआय नोंदणी क्रमांक" असं लिही आणि पुढे तो १४ आकडी नंबर टाक. नंबर टाकला की कोणीही त्यांच्या फॉसकॉस साईटवर टाकून बघू शकतं, तो खरा विश्वास. नंबर न देता नुसतं सर्टिफाईड लिहिणाऱ्या बघितल्या की मलाच शंका येते.

श्रद्धा_डोंबिवली
नव्हतं आलं कोणी. पण ताई त्या कागदावर सर्टिफिकेट शब्द छापलेला आहे हो, मी मनाने नाही लिहिलेला. तरी नंबर टाकते आजच. दर्जा शब्द काढायचा का यावर विचार करते.

प्रज्ञा_मडगाव
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, प्रोफाईल फोटो स्वतःचा ठेवावा की केकचा? मी घरी केक करते. स्वतःचा ठेवला की नको त्यांचे मेसेज येतात, केकचा ठेवला की लोकांना वाटतं फेक अकाऊंट आहे. आणि हो, ग्राहकांचं निघालंय म्हणून माझ्याकडून झालेली चूक सांगते. एका वाढदिवसाचा फोटो टाकला, केक पुढे आणि मागे तो छोटा मुलगा. आईनेच पाठवला होता व्हॉट्सॅपवर, मला वाटलं टाकायलाच पाठवलाय. तिचा फोन आला, खूप दुखावली होती, त्यांच्या घरातलं काहीतरी प्रकरण चालू होतं आणि मुलगा कुठल्या गावात आहे हे कळायला नको होतं. मी लगेच काढला, पण तोवर पाच सहा जणींनी शेअर केला होता. तेव्हापासून माझं एकच वाक्य ठरलंय, डिलिव्हरी झाली की विचारते, "तुमचा मेसेज मी टाकू का, नावासकट की नाव झाकून?" बऱ्याच जणी नाव झाकून म्हणतात. मुलांचे फोटो कोणी हो म्हणलं तरी टाकत नाही.

मेधा
मी विकत घेणारी. अनघा, तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते. स्क्रीनशॉटवर माझा अजिबात विश्वास नाही. "अप्रतिम चव ताई" असे वीस स्क्रीनशॉट एकसारखे, सगळ्यात तेच हार्ट. मला पटला तो कुठला सांगू? एका बाईंनी टाकलेला, त्यात ग्राहक म्हणतेय की मेतकूट छान आहे पण यावेळी हिंग जास्त झालाय, आणि खाली त्यांनी लिहिलेलं, बरोबर आहे, हिंगाचा ब्रँड बदलला होता, पुढच्या वेळी कमी घालते. मी त्यांच्याकडूनच मागवते तीन वर्षं.

आणि माझ्या आईला डायबेटिस आहे, म्हणून हात जोडून सांगते, गूळ किंवा खजूर घालून त्याला शुगर फ्री म्हणू नका. साखर घातलेली नाही म्हणायचं असेल तर "गुळातले लाडू" म्हणा, आम्हाला कळतं. माझ्या आईने शुगर फ्री वाचून रोज दोन खाल्ले आठवडाभर, रिपोर्ट आला तेव्हा कळलं.

विदुला
मेधा, हे वाचून मी आत्ता माझ्या खजूर लाडवाची पोस्ट एडिट केली. खरंच लक्षात आलं नव्हतं.

केतकी_न्यूजर्सी
आमच्याकडचं सांगते. इथे घरून बेक करून विकायला परमिट ऑक्टोबर २०२१ पासून मिळायला लागलं. मी नानकटाई आणि शंकरपाळे करते. लोणचं वगैरे त्यात बसत नाही. गंमत म्हणजे मला लेबलवर स्वतःहून लिहावं लागतं की हा पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात केलाय आणि त्या स्वयंपाकघराची आरोग्य खात्याने तपासणी केलेली नाही. सुरुवातीला वाटलं कोण घेणार असं वाचून. पण मी तेच वाक्य प्रोफाईलवरही टाकलं आणि खाली साहित्य, घरात शेंगदाणे आणि काजू वापरले जातात हे, आणि कुठल्या दिवशी भाजते ते. ॲलर्जीवाल्या मुलांच्या आया सगळ्यात आधी मेसेज करायला लागल्या, काही जणी नाही घेत, पण विचारतात आणि दुसऱ्यांना सांगतात.

सुनीलदादा_कोल्हापूर
बायकोचा पापडांचा व्यवसाय आहे, तिच्या वतीने लिहितो. आमच्यात वाद आहे. ती म्हणते उलाढालीचा आकडा प्रोफाईलवर टाकायचाच नाही, नातेवाईक उधार मागतात आणि सोसायटीत कुजबुज होते. मी म्हणतो आकडा नाही तर विश्वास कसा बसणार. शिवाय ती सगळीकडे "आमची टीम" लिहिते, टीम म्हणजे ती आणि दोन मावशी.

ललिताताई_सांगली
सुनीलराव, वहिनींचं बरोबर आहे. रुपये कशाला? किलो लिहा, घरं लिहा. आणि टीम ऐवजी त्या दोन मावशींची नावं लिहा, त्यांना विचारून. लाटणारी कोण आहे हे कळलं की पापड जास्त पटतो.

सुनीलदादा_कोल्हापूर
नावं लिहायचं पटलं. पण रुपयांचं मला अजून पटत नाही, बँकेत गेलं की किलो विचारत नाहीत.

अनघा_नाशिक
नवीन मजकूर केलाय, बघा:

"नाशिकच्या माझ्या स्वयंपाकघरात मी चकली भाजणी, थालीपीठ भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करते. धान्य मी भाजते, दळण आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत, सकाळी गिरणी पुसून झाल्यावर पहिलं माझं. मागच्या वर्षी १८७ घरांनी ५३८ वेळा मागवलं, ९६ घरांनी पुन्हा. दिवाळीच्या सहा आठवड्यांत १०४ वरून १३१ ऑर्डरी झाल्या. दिवाळीत आठवड्याला २५ किलोच्या वर होत नाही, त्यामुळे आधी सांगा." आणि खाली नोंदणी क्रमांक.

मेधा
२५ किलोच्या वर होत नाही, हे वाक्य काढू नकोस. मी तर त्यावरच मागवेन.

ललिताताई_सांगली
सुंदर. एकच विचारते, त्या ५३८ मध्ये तू भेट म्हणून दिलेली पाकिटं आहेत का? माहेरी, नणंदेकडे, मुलांच्या बाईंना?

अनघा_नाशिक
अरे बापरे. थांबा वही बघते.

अनघा_नाशिक
बघितलं. २७ आहेत, त्यांच्यापुढे चांदणी काढलेली आहे, पैसे नाही घेतलेले. म्हणजे विकलेल्या ५११. त्यात दिवाळीच्या सहा आठवड्यांतल्या ९, म्हणजे १३१ च्या १२२ झाल्या. घरंही परत मोजावी लागणार, भेटीचीच घरं वजा करून. पण अडचण अशी की आदल्या वर्षी मी चांदण्या काढतच नव्हते, सगळं एकत्रच लिहिलंय, त्यामुळे १०४ मधल्या भेटी किती ते आता कळायला मार्ग नाही. १०४ वरून १३१ चं वाक्य काढून टाकलं आत्ता. या दिवाळीपासून चांदणीसकट दोन वर्षं होतील, तेव्हा वाढीचं लिहीन.