विषय: Re: गणपतीची बिलं Xero मध्ये चढवताना तारखा उलटतायत (बॅस २८ ऑक्टोबरला!)

प्रेषक: श्रीरंग

मंडळी, नमस्कार.

फॉर्मवर आलेली गणपतीची सगळी बिलं मी शीटमधून Xero च्या टेम्पलेटमध्ये घालून काल रात्री अपलोड केली. आधी फाइल `TaxType` वर अडली, कारण आपल्या फॉर्मवर "GST 10%" असं लिहिलेलं आहे. ते बदललं तर आता तारखांचा घोळ. हॉलचं ३ सप्टेंबरचं बिल ९ मार्चला जाऊन बसलंय, मांडववाल्यांचं १२ सप्टेंबरचं ९ डिसेंबरला. २५ सप्टेंबरचं केटररचं मात्र जागेवर आहे. सगळी बिलं अजून ड्राफ्टमध्येच आहेत. मेलबर्नच्या ऑफिसातून आलेला लॅपटॉप नाही, अमेरिकेहून आणलेला माझा स्वतःचा आहे, त्यामुळे असं होतंय का? शीटमध्ये मी पूर्ण कॉलम निवडून dd/mm/yyyy केला होता, तरीही हे.

प्रेषक: सुहास

श्रीरंग, तारखांचं टेन्शन घेऊ नकोस. आपलं मंडळ कॅश बेसिसवर आहे, जीएसटी पैसे दिल्याच्या तारखेनं धरतात, बिलाच्या नाही. सगळ्या ओळींना `GST on Expenses` लाव, अपलोड करताना रक्कम टॅक्स धरून आहे असं सांग, विषय संपला. माझ्या दुकानाची बिलं मी अशीच चढवतो.

प्रेषक: दीपक (माजी खजिनदार)

सुहास, दुकानाचं वेगळं, मंडळाचं वेगळं. मी खजिनदार असताना एकेक बिल हातानं घालायचो आणि पावती समोर असल्याशिवाय घालायचो नाही. फॉर्म आल्यापासून एकाच वाण्याची तीन नावं झाली आहेत, कोणी मागे "स्टोअर्स" लावतं, कोणी लावत नाही. नावात एका अक्षराचा फरक असला तरी Xero नवा सप्लायर तयार करतं. मी दिलेली सप्लायरांची यादी कुठे गेली?

प्रेषक: माधवी

दीपककाका, तुमची यादी ड्राइव्हवर आहे आणि ती वापरायलाच हवी. फॉर्ममधलं नाव मोकळं लिहायला न देता त्या यादीतूनच निवडायला लावू.

श्रीरंग, घोळ तुझ्या dd/mm/yyyy मध्येच आहे. फॉर्ममधून 03/09/2025 असं येतं. तुझ्या लॅपटॉपचा रीजन अमेरिकेचा, म्हणून फाइल डबलक्लिक करून उघडली की एक्सेल तिला ९ मार्च समजतं. दिसायला 3/9/2025 च दिसते, आणि तू काही न करता सेव्ह केली असतीस तर Xero नं ती आपल्या पद्धतीनं ३ सप्टेंबर म्हणूनच वाचली असती. तू कॉलम नीट दिसावा म्हणून फॉरमॅट बदललास, तेव्हा एक्सेलनं मनातली तारीख बाहेर काढली, 09/03/2025. तेच फाइलमध्ये गेलं. २५ सप्टेंबरचं वाचलं, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेलनं ते नुसतं टेक्स्ट म्हणून सोडलं. म्हणजे १ ते १२ तारखेची बिलंच बिघडतात, १३ पासून पुढची शाबूत. त्यामुळेच अर्धी फाइल बरोबर वाटते.

ओळखायला सोपं आहे. मूळ फाइल उघडल्यावर तारखेच्या कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसतील. उजवीकडच्या एक्सेलनं तारीख म्हणून धरल्या. खात्री करायची असेल तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लिही (तारीख C मध्ये असेल असं धरून):

```
=ISNUMBER(C2)
```

काही ठिकाणी `TRUE` आणि काही ठिकाणी `FALSE` आलं, की फाइल उघडताना गडबड झाली असं समज. ती फाइल दुरुस्त करत बसू नकोस. विंडोजमध्ये रीजन English (Australia) कर, फॉर्ममधून फाइल परत उतरव आणि मग उघड. सगळ्या तारखा उजवीकडे आल्या पाहिजेत. ड्राफ्टमधली कालची बिलं आधी डिलीट कर, नाहीतर दुप्पट होतील.

सुहास, कॅश बेसिसचं तुझं बरोबर आहे, बॅसला बिलाच्या तारखेनं फरक पडणार नाही. पण ९ मार्च म्हणजे गेलं आर्थिक वर्ष. नफातोट्याचा अहवाल अ‍ॅक्रुअलनं काढला तर हॉलचं भाडं गेल्या वर्षात जाईल आणि ताळेबंद सभेपुढे ठेवून झालाय. शिवाय पैसे द्यायच्या तारखा उलटल्या तर मांडववाल्यांचं बिल डिसेंबरपर्यंत कोणाच्या डोळ्यासमोर येणार नाही.

सगळ्या ओळींना एकच टॅक्स मात्र अजिबात नको. वाण्याचं ६४० डॉलरचं बिल घे. त्यात ४२० डॉलरचं पीठ, तांदूळ, डाळ आहे, त्यावर जीएसटी नाही. उरलेले २२० प्लेट्स, कप आणि कोल्ड्रिंकचे, त्यात जीएसटी आहे, अकरावा हिस्सा म्हणजे २० डॉलर. सगळ्याला `GST on Expenses` लावलंस तर Xero ६४० चा अकरावा हिस्सा काढेल, ५८.१८. म्हणजे ३८.१८ डॉलर हक्क नसताना परत मागितले. एका बिलाच्या दोन ओळी करायच्या: `ContactName`, `InvoiceNumber` आणि तारखा दोन्हीत तंतोतंत सारख्या, एकीला `GST Free Expenses`, दुसरीला `GST on Expenses`. Xero त्यांना एकच बिल करतं. टॅक्सचं नाव सेटिंग्जमधल्या Tax Rates मध्ये आहे अगदी तसंच लिहायचं, स्पेससकट.

प्रेषक: राजश्री (ढोलपथक)

इम्पोर्टचा विषय निघालाच आहे तर विचारते. पुण्याहून ढोल आणि ताशे मागवले त्यांच्या बिलावर भारतातला १८ टक्के जीएसटी लिहिलाय. तो आपल्याला परत मिळेल ना? ते बिल फॉर्मवर टाकून महिना झाला, पैसे अजून नाहीत.

प्रेषक: सुहास

राजश्री, हा इम्पोर्ट वेगळा, फाइलचा आहे.

माधवीताई, तेवढा फरक पडत असेल तर वाणसामानाचं मान्य. पण दोन ओळी कोण करत बसणार? फॉर्म भरणाऱ्यांना नाही जमायचं.

प्रेषक: माधवी

फॉर्मवर दोन चौकटी ठेवू: एकूण रक्कम, आणि बिलावर छापलेला जीएसटी. छापलेल्या जीएसटीला ११ नं गुणलं की करपात्र भाग मिळतो, २० गुणिले ११ म्हणजे २२०. उरलेली रक्कम दुसरी ओळ. भरणाऱ्यानं डोकं चालवायचं नाही, बिलावरून बघून लिहायचं. बिल ८२.५० डॉलरच्या वर असेल तर टॅक्स इनव्हॉइस हवंच, नुसता कार्डाचा कागद चालणार नाही.

राजश्री, भारताचा जीएसटी इथल्या बॅसमध्ये मागता येत नाही, तो आपल्यासाठी ढोलाच्या किमतीचाच भाग. कार्डातून जितके ऑस्ट्रेलियन डॉलर गेले तितकी रक्कम घाला. इथे कस्टम्सला जीएसटी भरला असेल तर त्याचा कागद वेगळा पाठवा, त्याला वेगळा टॅक्स कोड आहे.

प्रेषक: अनघा

मोदक करून देणाऱ्या काकूंच्या बिलावर जीएसटीच नाही आणि तयार खाण्यावर तर तो लागतो असं वाचलं. मग आपण लावायचा का?

प्रेषक: माधवी

नाही. काकूंची जीएसटी नोंदणी नसेल तर त्यांना आकारताच येत नाही, आणि त्यांनी आकारला नाही तर आपण मागायचा नाही. एबीएन लुकअपवर त्यांचा नंबर टाकून बघ, नोंदणी आहे की नाही तिथे लिहिलेलं असतं. ओळीला `GST Free Expenses`.

प्रेषक: दीपक

आमच्या वेळी अशा बिलांना `BAS Excluded` लावायचो. ऑडिटरनं कधी हरकत घेतली नाही.

प्रेषक: श्रीरंग

रीजन बदलून फाइल परत उतरवली, तारखा सगळ्या एका बाजूला आल्या. हॉल ३ सप्टेंबरला, मांडव १२ सप्टेंबरला. हॉलचे ११०० टॅक्स धरून निवडल्यावर ११०० च राहिले, कालच्यासारखे १२१० झाले नाहीत. वाण्याच्या बिलाची बेरीज ६४०, जीएसटी २०.

आता अडलंय ते `BAS Excluded` की `GST Free Expenses` यावर. जीएसटीचा आकडा दोन्हीत सारखाच येतो, पण काकूंच्या आणि ढोलाच्या ओळी मी तोवर ड्राफ्टमध्येच ठेवतो. आणि दीपककाका, यादीतलं वाण्याचं नेमकं नाव कळवाल का? तीनही नावांवर बिलं आहेत, ती एकावर आणायची आहेत.